पत्र्याची लांबी आणि पल्सची मोजणी

अकोला आणि अमरावती येथील औद्योगिक वसाहतींत जिनिंगच्या शेडसाठी, डाळमिलच्या गोदामासाठी किंवा शेतातल्या गोठ्यासाठी लागणारा रंगीत टिनाचा पत्रा गिऱ्हाइकाने सांगितलेल्या लांबीचा कापून घेता येतो. ही मागणी बहुधा फुटांत असते: दहा फुटी, बारा फुटी, सोळा फुटी. पत्रा तयार करणाऱ्या यंत्राचा हिशेब मिलिमीटरमध्ये चालतो आणि त्या यंत्राला हुकूम देणाऱ्या नियंत्रकाला फूट आणि मिलिमीटर यांपैकी काहीच ठाऊक नसते, कारण त्याच्यापर्यंत पोचतात त्या केवळ विजेच्या लहान लहान पल्स. फुटापासून पल्सपर्यंतच्या या वाटेवर प्रत्येक टप्प्याला एक गृहीतक असते आणि त्यांपैकी एखादे ढळले की पत्रा लांब किंवा आखूड निघतो. ती चूक कोठे झाली, हे चुकीच्या दिशेवरून आणि तिच्या स्वरूपावरून बऱ्याच अंशी ओळखता येते, आणि तशी ओळख पटवण्याची रीत हा या प्रकरणाचा विषय आहे.

लाइनची मांडणी

लांबीनुसार पत्रा कापणाऱ्या लाइनच्या एका टोकाला पत्र्याची कॉइल धरून ठेवणारा डिकॉइलर असतो. त्यातून सुटलेला सपाट पत्रा रोलच्या एकामागून एक उभ्या असलेल्या जोड्यांमधून जातो आणि हळूहळू त्याला नागमोडी किंवा समलंबी घड्या पडतात. शेवटच्या रोलनंतर हायड्रॉलिक दाबावर चालणारी कातर, म्हणजे शिअर, बसवलेली असते. साध्या लाइनवर पत्रा ठरलेल्या लांबीला थांबतो, शिअर खाली येऊन तो कापते आणि पत्रा पुन्हा पुढे सरकू लागतो. रोल फिरवणारी मोटर ड्राइव्हच्या साहाय्याने चालते, म्हणजे तिचा वेग आणि थांबण्याचा उतार ठरवून देता येतो, आणि ड्राइव्ह व शिअर या दोहोंना हुकूम देण्याचे काम पीएलसी हा औद्योगिक नियंत्रक करतो.

लांबी मोजण्यासाठी शेवटचा रोल आणि शिअर यांच्या दरम्यान पत्र्याच्या सपाट भागावर एक चाक स्प्रिंगच्या दाबाने टेकवलेले असते. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानातील रस्त्यांची लांबी मोजणारे सर्वेक्षक हाताने ढकलायचे चाक वापरीत आणि त्याचे फेरे मोजीत. येथेही तत्त्व तेच आहे, फरक इतकाच की चाक जागेवर राहते आणि वाट त्याच्याखालून सरकते. रोलच्या दांड्यालाच मोजणीचे साधन जोडण्याचा मोह होतो, परंतु घडी पाडणाऱ्या रोलचा व्यास जागोजाग वेगळा असतो आणि पत्रा त्यावर थोडाफार घसरतो, त्यामुळे रोलच्या फेऱ्यांवरून पत्र्याची लांबी खात्रीने सांगता येत नाही. मोजणीचे चाक काही ओढत नाही की ढकलत नाही, ते पत्र्यासोबत नुसते फिरते, आणि म्हणूनच त्याच्यावर विश्वास ठेवता येतो.

या चाकाच्या आसाला एनकोडर जोडलेला असतो. एनकोडरच्या आत बारीक रेघा असलेली तबकडी फिरते, तिच्या एका बाजूस प्रकाशाचा उगम आणि दुसऱ्या बाजूस प्रकाश ओळखणारे घटक असतात, आणि प्रत्येक रेघेसरशी बाहेर एक पल्स येते. पुढील सर्व विवेचनासाठी एक नमुना लाइन धरली आहे: चाकाचा परीघ २०० मिमी, एनकोडरच्या एका फेऱ्याला १००० पल्स आणि पत्र्याचा पूर्ण वेग मिनिटाला २० मीटर.

ए, बी आणि झेड

एनकोडरमधून पल्सच्या दोन तारा निघतात आणि त्यांना ए व बी म्हणतात. दोन्ही तारांवर सारख्याच पल्स येतात, मात्र बीची पल्स एच्या पल्सपेक्षा पाव आवर्तनाने पुढे किंवा मागे असते. चाक सुलट फिरताना आधी ए आणि मग बी वर जाते, उलट फिरताना आधी बी आणि मग ए. या क्रमावरून दिशा कळते. शिवाय दोन्ही तारांवरील प्रत्येक चढ आणि प्रत्येक उतार मोजला तर एका रेघेमागे चार नोंदी मिळतात. या रीतीस क्वाड्रेचर मोजणी म्हणतात. नमुना लाइनवर १००० रेघांमागे ४००० नोंदी होतात आणि २०० मिमी भागिले ४०००, म्हणजे ०.०५ मिमी, एवढी लांबी एका नोंदीच्या वाट्याला येते.

दिशा कळण्याचे महत्त्व पत्रा थांबतो तेव्हा लक्षात येते. शिअर पत्र्यावर आदळली की पत्रा मागेपुढे थरथरतो आणि चाकही त्याच्याबरोबर एखाद्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे हलते. दोन तारा असतील तर पुढची नोंद अधिक आणि मागची नोंद वजा होऊन हिशेब जिथल्या तिथे राहतो. खर्च वाचवण्यासाठी ए ही एकच तार जोडली असेल तर प्रत्येक थरथर पुढे सरकण्यात जमा होते, काउंटर प्रत्यक्षाहून अधिक लांबी दाखवतो आणि पत्रा आखूड कापला जातो.

येथूनच या प्रकरणातला पहिला नियम निघतो. नियंत्रक ठरलेली नोंदसंख्या भरली की कापतो, म्हणून नोंदी जास्त झाल्या तर पत्रा आखूड निघतो आणि नोंदी हरवल्या तर पत्रा लांब निघतो. कोणत्याही तक्रारीची चौकशी या दिशेपासून सुरू करावी, कारण शक्य कारणांपैकी निम्मी कारणे त्याच क्षणी बाजूला पडतात.

तिसरी तार झेड ही प्रत्येक फेऱ्याला एकदाच पल्स देते. लांबी मोजण्यासाठी तिची गरज नसते, मात्र तपासणीसाठी ती फार उपयोगी पडते: चाक एकाच दिशेने फिरत असताना झेडच्या लागोपाठच्या दोन पल्सच्या दरम्यान बरोबर ४००० नोंदी झाल्या पाहिजेत, आणि तेवढ्या होत नसतील तर दोष चाकाच्या मापात नसून विजेच्या वाटेत आहे, असे निश्चित म्हणता येते.

साधी इनपुट का चालत नाही

पीएलसी आपला कार्यक्रम पुन्हा पुन्हा वरपासून खालपर्यंत चालवतो. सर्व इनपुट वाचणे, हिशेब करणे आणि आउटपुट बदलणे असा हा फेरा असतो आणि त्याला स्कॅन म्हणतात. नमुना लाइनवर एक स्कॅन १० मिलिसेकंदांचा आहे असे धरले, तर मिनिटाला २० मीटर, म्हणजे सेकंदाला ३३३ मिमी वेगाने पत्रा तेवढ्या अवधीत ३.३ मिमी पुढे जातो. एनकोडरच्या ए तारेवर सेकंदाला सुमारे १६६७ पल्स येत असतात, म्हणजे एका स्कॅनमध्ये सोळा-सतरा पल्स येऊन निघून जातात आणि साधी इनपुट त्यांतली फार तर एखादी पाहू शकते. म्हणून पीएलसीमध्ये हाय-स्पीड काउंटर नावाची स्वतंत्र मोजणी-व्यवस्था असते. ती स्कॅनची वाट न पाहता प्रत्येक चढउतार आपल्या हार्डवेअरमध्ये मोजत राहते आणि कार्यक्रमाला हवा तेव्हा तयार आकडा देते.

सीमेन्स कंपनीचा एस७-१२०० हा नियंत्रक उदाहरणादाखल घेता येईल. त्याच्या मुख्य भागावरील वेगवान इनपुट क्वाड्रेचर पद्धतीने ८० किलोहर्ट्झपर्यंत मोजू शकतात, म्हणजे नमुना लाइनच्या पावणेदोन किलोहर्ट्झच्या कित्येक पट. तरीही नवी लाइन उभारताना काउंटर चालत नसल्याची तक्रार अनेकदा येते आणि तिचे कारण प्रत्येक इनपुटवर असलेल्या फिल्टरमध्ये सापडते. बटण दाबताना होणारा थरकाप किंवा तारेवरचा क्षणिक खळखळाट खरा संकेत समजला जाऊ नये म्हणून इनपुट ठरावीक काळ स्थिर राहिल्याशिवाय ती बदलली असे फिल्टर मानत नाही. या नियंत्रकात तो काळ मुळात ६.४ मिलिसेकंद ठेवलेला असतो. पल्सचा निम्मा भाग वर आणि निम्मा खाली धरला, तर ६.४ मिलिसेकंदांच्या फिल्टरमधून सेकंदाला सुमारे ७८ पल्सच जाऊ शकतात, आणि नमुना लाइनवरची पल्स तर जेमतेम ०.३ मिलिसेकंद वर राहते.

या दोषाची खूण ठसठशीत आहे. सेकंदाला ७८ पल्स म्हणजे पत्र्याचा वेग सेकंदाला सुमारे १५.६ मिमी, मिनिटाला एक मीटरहूनही कमी. त्यामुळे हाताने चाक फिरवून पाहिले किंवा लाइन अगदी मंद चालवली तर मोजणी बिनचूक दिसते, आणि लाइन पूर्ण वेगाने चालू लागताच आकडा अडखळतो किंवा थांबून राहतो. मंद चालीत बरोबर आणि वेगात हरवणारी मोजणी दिसली की एनकोडर बदलण्याआधी फिल्टरची नेमणूक पाहावी. ए आणि बी या दोन्ही इनपुटांचा फिल्टर स्वतंत्रपणे काही मायक्रोसेकंदांवर आणावा लागतो. एकाचाच बदलला तर क्वाड्रेचर मोजणी जमत नाही.

फिल्टर कमी केल्यावर खोट्या पल्सना अडवणारे कोणी उरत नाही, ही त्याची दुसरी बाजू आहे. ड्राइव्हपासून मोटरकडे जाणाऱ्या केबलमधून विजेचे तीव्र झटके सतत जात असतात, आणि एनकोडरची केबल तिच्याबरोबर एकाच ट्रेमधून नेली असेल तर ते झटके पल्स म्हणून मोजले जाऊ शकतात. त्याची परीक्षा सोपी आहे: चाक पत्र्यावरून उचलून हलणार नाही असे धरावे आणि मोटर चालू करावी, आकडा वाढत असेल तर केबलमध्ये शिरकाव होत आहे. एनकोडरची केबल जाळीच्या आवरणाची, म्हणजे शील्ड असलेली, ठेवणे, ते आवरण नीट अर्थ करणे आणि ती मोटरच्या केबलपासून वेगळ्या वाटेने नेणे हा त्यावरचा खरा उपाय आहे. एनकोडर मागवतानाही त्याची आउटपुट २४ व्होल्टची आहे हे पाहावे लागते, कारण ५ व्होल्टचा एनकोडर २४ व्होल्टच्या इनपुटला जोडला तर पल्स ओळखल्या जाण्याची खात्री राहत नाही.

आकडा शून्य न करता लांबी काढणे

प्रत्येक पत्रा कापल्यावर काउंटर शून्य करावा आणि पुन्हा पहिल्यापासून मोजावे, ही रीत साहजिक वाटते. तीत अडचण अशी की शून्य करण्याचा हुकूम कार्यक्रमात नेमका कोणत्या क्षणी पोचतो यावर पुढच्या पत्र्याची सुरुवात ठरते. पत्रा अजून थांबायचा असताना शून्य झाले, तर थांबेपर्यंत सरकलेली लांबी पुढच्या पत्र्यात जमा होते. शिअर वर गेल्यावर आणि पत्रा निघाल्यावर शून्य झाले, तर तेवढ्या नोंदी हरवतात. म्हणून काउंटर अखंड चालू ठेवावा, पाते पत्र्यात शिरण्याच्या वेळी त्याच्यावर असलेला आकडा टिपून घ्यावा आणि चालू पत्र्याची लांबी नेहमी वजाबाकीने काढावी, ही रीत अधिक सुरक्षित आहे.

```
pieceCount := hscCount - cutCount;
lengthMm := DINT_TO_REAL(pieceCount) * mmPerCount;
```

यात `hscCount` हा काउंटरचा चालू आकडा, `cutCount` हा मागील कापाच्या वेळी टिपलेला आकडा आणि `mmPerCount` हा एका नोंदीमागची लांबी, म्हणजे नमुना लाइनवर ०.०५, आहे. वजाबाकी आधी पूर्णांकात केली आहे आणि मगच आकडा दशांशात आणला आहे, आणि हा क्रम महत्त्वाचा आहे. ३२ बिटांची दशांश संख्या १,६७,७७,२१६ च्या पुढे प्रत्येक पूर्णांक वेगळा धरू शकत नाही. नमुना लाइनवर एवढ्या नोंदी सुमारे ८३९ मीटर पत्र्यात भरतात, आणि त्यानंतर दशांशात केलेल्या वजाबाकीतले शेवटचे अंक गळू लागतात. ही चूक सुरुवातीला एखाद्या नोंदीपुरतीच असते, पण एकूण आकडा वाढत जाईल तशी तीही वाढत जाते.

अखंड मोजणीचा आणखी एक टप्पा ध्यानात ठेवावा लागतो. ३२ बिटांचा चिन्हांकित काउंटर २,१४,७४,८३,६४७ या आकड्यापर्यंत जातो आणि मग ऋण टोकाकडून पुन्हा सुरू होतो. ०.०५ मिमीच्या हिशेबाने हा आकडा सुमारे १०७ किलोमीटर पत्र्यानंतर येतो. रोज पाच-सहा किलोमीटर पत्रा निघत असेल तर सुमारे तीन आठवड्यांनी. पूर्णांकातली वजाबाकी त्याच ३२ बिटांत राहिली तर हे वळण आपोआप सांभाळले जाते. परंतु कार्यक्रमात कोठे ‘चालू आकडा ठरलेल्या आकड्याहून मोठा झाला की थांबव’ अशी थेट तुलना असेल, तर त्या एका वेळी तुलना चुकीचे उत्तर देते. काही आठवडे बिनचूक चालून एकदाच भलत्याच लांबीचा पत्रा निघाला आणि पुन्हा सर्व सुरळीत झाले, तर कारण या तुलनेत शोधावे.

थांबण्याआधीचे अंतर

पत्रा ३३३ मिमी प्रतिसेकंद वेगाने येत असताना एकदम थांबवला तर तो किती पुढे जाऊन थांबेल याचा नेम राहत नाही, म्हणून ठरलेल्या लांबीच्या काही अंतर आधी वेग कमी करतात. नमुना लाइनवर शेवटचा टप्पा सेकंदाला ५० मिमी वेगाने पार होतो असे धरू. थांबण्याचा हुकूम स्कॅनमुळे १० मिलिसेकंद उशिरा गेला तर पत्रा अर्धा मिलिमीटर पुढे जातो, आणि ड्राइव्हचा उतार ०.१ सेकंदाचा असेल तर थांबता थांबता तो आणखी २.५ मिमी सरकतो. एकूण ओघ ३ मिमी होतो.

हा ओघ दरवेळी सारखाच असेल तर त्यापासून काहीच त्रास नाही, कारण थांबण्याचा हुकूम तेवढ्याच अंतराने आधी देता येतो. त्रास होतो तो बदलत्या ओघाचा. ठरलेली नोंद स्कॅनच्या आरंभी भरली की अखेरीस, यावर उशीर शून्यापासून १० मिलिसेकंदांपर्यंत बदलतो, आणि पत्र्यांची लांबी अर्ध्या मिलिमीटरने विखुरते. वेग कमी न करता थेट थांबवले तर हाच विखुरलेपणा ३.३ मिमी होतो.

हा विखुरलेपणा काढण्यासाठी हाय-स्पीड काउंटरला लक्ष्य आकडा आधीच देऊन ठेवता येतो. तो आकडा भरताच काउंटर चालू स्कॅन मध्येच थांबवून कार्यक्रमाचा एक वेगळा लहान भाग चालवतो. त्याला इंटरप्ट म्हणतात. त्या भागातून ड्राइव्हला दिलेला हुकूम मात्र ताबडतोब बाहेर गेला पाहिजे. एस७-१२०० मध्ये साधी आउटपुट स्कॅनच्या अखेरीसच बदलते, त्यामुळे पत्त्यापुढे `:P` लिहून ती थेट बदलावी लागते, नाहीतर इंटरप्टने वाचवलेला वेळ तेथेच परत खर्च होतो. काउंटरचा आकडाही इंटरप्टमध्ये `ID1000:P` असा थेट वाचावा, कारण नुसता `ID1000` स्कॅनच्या आरंभी टिपलेला जुना आकडा देतो.

चुकीचे दोन भाग

नव्या लाइनवर किंवा तक्रार आल्यावर पत्रा कापून टेपने मोजतात आणि बहुधा एकाच लांबीच्या पत्र्यावरून सुधारणा करतात. बारा फुटी पत्रा ८ मिमी लांब निघाला, म्हणून चाकाचा परीघ तेवढ्या प्रमाणात बदलला, की बारा फुटी पत्रा बरोबर येतो आणि वीस फुटी पुन्हा चुकतो. याचे कारण असे की चुकीचे दोन भाग असतात: एक लांबीबरोबर वाढणारा आणि दुसरा प्रत्येक पत्र्यामागे सारखा राहणारा. एकाच मापावरून ते वेगळे करता येत नाहीत, त्यासाठी दोन मापे लागतात.

नमुना लाइनवर २००० मिमी आणि ६००० मिमी असे दोन हुकूम देऊन प्रत्येकी पाच-सहा पत्रे कापले आणि त्यांची सरासरी अनुक्रमे २००६ आणि ६०१२ मिमी आली असे समजू. लांबी ४००० मिमीने वाढली तेव्हा चूक ६ मिमीवरून १२ मिमी झाली, म्हणजे ६ मिमीने वाढली. तेव्हा लांबीबरोबर वाढणारी चूक ६ भागिले ४०००, म्हणजे ०.१५ टक्के आहे. २००० मिमीवर तिचा वाटा ३ मिमी होतो आणि उरलेले ३ मिमी लांबीशी निगडित नाहीत. हाच हिशेब ६००० मिमीवर पडताळता येतो: ०.१५ टक्क्यांचे ९ मिमी आणि स्थिर ३ मिमी मिळून १२ मिमी.

स्थिर ३ मिमी हा थांबतानाचा ओघ आहे, आणि हुकूम तेवढा आधी देऊन तो संपतो. ०.१५ टक्क्यांची चूक मात्र चाकाकडे बोट दाखवते. पत्रा लांब निघाला, म्हणजे नोंदी कमी झाल्या, म्हणजे चाक मानले त्याहून मोठे आहे: २०० ऐवजी २००.३ मिमी परिघाचे. व्यासाच्या हिशेबाने हा फरक जेमतेम ०.१ मिमी आहे, आणि चाकावर रंगाची व जस्ताची भुकटी तेलात मिसळून सर्वत्र ०.०५ मिमी जाडीचा थर बसला तर तेवढा फरक पडतो. म्हणून आकडा बदलण्याआधी चाक पुसावे आणि चाचणी पुन्हा घ्यावी. थर तसाच ठेवून `mmPerCount` ०.०५००७५ केला, तर पुढे कोणी चाक स्वच्छ केल्याच्या दिवसापासून ६ मीटरचा पत्रा ९ मिमी आखूड निघू लागेल.

स्वच्छ चाकावरही तीच चूक राहिली तर मात्र नवा आकडा योग्य ठरतो. तेव्हा बारा फुटी, म्हणजे ३६५७.६ मिमी पत्र्यासाठी ओघाचे ३ मिमी वजा करून उरलेल्या ३६५४.६ मिमीला ०.०५००७५ ने भागावे. उत्तर ७२,९८३ नोंदी येते. मुळात ७३,१५२ नोंदींना थांबण्याचा हुकूम जात होता. दोहोंतला १६९ नोंदींचा फरक सुमारे साडेआठ मिलिमीटरचा आहे, आणि बारा फुटी पत्रा आधी तेवढाच लांब निघत होता.

लांबीबरोबर वाढणारी चूक चाक तिरपे बसल्यानेही होते. चाक पत्र्याच्या दिशेशी ३ अंशांचा कोन करत असेल तर ते अंतराचा ०.१४ टक्के भाग गमावते आणि ६ मीटरला पत्रा ८ मिमी लांब निघतो. आकड्यावरून ही चूक मोठ्या चाकाच्या चुकीसारखीच दिसते, म्हणून सरळ पट्टी लावून चाकाची दिशा पाहणे हाच ती ओळखण्याचा मार्ग आहे. चाक झिजले असेल तर चूक उलट दिशेला जाते: परीघ घटतो, नोंदी वाढतात आणि पत्रा आखूड होतो.

विखुरलेली चूक

एकाच हुकमावर कापलेले वीस पत्रे एकमेकांशी न जुळणे हा तिसरा प्रकार आहे आणि कोणताही गुणक किंवा वजाबाकी त्यावर चालत नाही. येथे आधी झेडच्या साहाय्याने एका फेऱ्यातल्या नोंदी पाहाव्यात. त्या प्रत्येक वेळी ४००० येत असतील तर विजेची बाजू निर्दोष आहे आणि शोध चाकाकडे वळवावा. कॉइलवर तेलाचा हात जास्त असेल किंवा स्प्रिंग सैल पडली असेल तर पत्रा निघताना चाक मागे राहते आणि थांबताना थोडे पुढे जाते. या दोन्ही घसरणी दरवेळी सारख्या नसतात. एनकोडर आणि चाक यांना जोडणाऱ्या कप्लिंगचा स्क्रू ढिला असणे हेही नेहमीचे कारण आहे. त्याची खूण अशी की चाकाच्या आसावर आणि कप्लिंगवर मिळून ओढलेली खडूची रेघ काही वेळाने दुभंगलेली दिसते.

वऱ्हाडातला उन्हाळा

अकोला आणि अमरावती येथे मे महिन्यात दुपारचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि जानेवारीच्या सकाळी ते १५ अंशांच्या खालीही असते. पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या लाइनला हा ३० अंशांचा फरक सोसावा लागतो. पोलाद दर अंशाला दर मीटरमागे ०.०१२ मिमी वाढते आणि ॲल्युमिनियम त्याच्या जवळजवळ दुप्पट, ०.०२३ मिमी. मोजणीचे चाक ॲल्युमिनियमचे असेल तर उन्हाळ्यात त्याचा परीघ पत्र्यापेक्षा अधिक वाढतो. पोलादी टेप आणि पत्रा दोन्ही एकाच तापमानाचे असतील तर ते सारखेच वाढतात आणि त्यांचा परस्परांत फरक पडत नाही, पण चाकाचा जादा वाढावा उरतो. जानेवारीत जुळवलेली लाइन मे महिन्यात तपासली तर ६ मीटरच्या पत्र्यावर सुमारे २ मिमीची वाढ याच कारणाने दिसते. चाक पोलादाचे असेल तर ही वाढ मिटते.

कॉइल उन्हात ठेवली असेल तर प्रश्न वेगळा होतो. शेडपेक्षा २० अंशांनी अधिक तापलेला पत्रा कापताना मापात बरोबर असला तरी थंड झाल्यावर ६ मीटरमागे जवळजवळ दीड मिलिमीटर आकसतो. म्हणून चाचणीचे पत्रे कापल्याबरोबर न मोजता काही वेळ सावलीत ठेवून मोजावेत, आणि कॉइल आदल्या दिवशीच शेडमध्ये आणून ठेवावी.

अचूकतेची मर्यादा

एका नोंदीमागे ०.०५ मिमी येत असल्याने पत्राही तेवढ्याच अचूकतेने कापला जाईल, अशी समजूत होणे साहजिक आहे. परंतु ज्या टेपवरून लाइन जुळवली जाते तिलाही स्वतःची मर्यादा असते: दुसऱ्या वर्गाच्या टेपला ६ मीटरवर १.५ मिमी चूक मान्य असते आणि पहिल्या वर्गाच्या टेपला ०.७ मिमी. त्यात तापमानाचा, घसरणीचा आणि ओघाचा भाग मिळवला तर साध्या थांबून कापणाऱ्या लाइनवर ६ मीटरच्या पत्र्याला एक ते दोन मिलिमीटरच्या आत राहणे हे चांगले काम मानावे. १००० ऐवजी ५००० पल्सचा एनकोडर बसवल्याने यांतले काहीही सुधारत नाही, कारण यांतली एकही चूक नोंदीच्या बारीकपणातून आलेली नाही. पहिल्या वर्गाची टेप, पोलादी चाक, घट्ट कप्लिंग आणि इंटरप्टमधून थेट जाणारा हुकूम यांवरचा खर्च मात्र पत्र्याच्या मापात दिसतो. त्याबरोबर प्रत्येक जुळवणीची तारीख, शेडचे तापमान, चाकाचा व्यास आणि त्या वेळचा `mmPerCount` एका वहीत लिहून ठेवल्यास पुढच्या तक्रारीच्या वेळी नेमके काय बदलले, हे दोन ओळींच्या तुलनेवरून सांगता येते.